आम्ही ढोला लोक

आमच्या घरात देवपूजा माझ्याकडे आणि भांडण वर्षालीकडे, अशी वाटणी कोणी करून दिली नाही. ती आपोआप झाली. वर्षाली लग्न होऊन अकोल्यात आली त्याच पावसाळ्यात शेजारच्या घराची पन्हाळ आमच्या तुळशीवर सोडलेली तिने पाहिली. मी इतकी वर्षं तुळस सरकवत आले होते. ती गेली आणि पन्हाळच सरकवून आली.

वर्षाली माझी धाकटी जाऊ. माहेर तिवशाचं, वडील भाजीपाला आणि फुलं करणारे. मी संध्याकाळी दिवा लावल्यावर रोजनिशी लिहिते, त्यात तिच्याबद्दलचे तुकडे ठिकठिकाणी पडलेले आहेत. रोडग्यांच्या प्रकरणानंतर वाटलं, ते जोडून एकदा सलग लिहावं. तिला विचारलं तर म्हणाली, "लिहा, पन माह्यं नाव पुरं लिहा." ती असं का म्हणाली ते पुढे येईलच.

तिच्या लहानपणची एक गोष्ट ती हार ओवताना सांगते. त्यांच्या वाफ्यातला झेंडू कोणीतरी पहाटे खुडून नेला. त्या दिवशी देवळात एका मोठ्या घरच्या माणसाने भला थोरला हार वाहिला. वर्षाली तेव्हा फ्रॉकातली पोर. ती गाभाऱ्याच्या दारात उभी राहून म्हणाली, हा झेंडू आमच्या वाफ्यातला आहे, असा काठाला लाल गोंडा आमच्याशिवाय कोणाकडे नाही. बापाने दंडाला धरून बाहेर आणलं. देवाला वाहिलेलं फूल कोणाचं, असं विचारू नये, हे तिला घरी आल्यावर समजावून सांगण्यात आलं. मीही तेच समजावलं असतं. त्यावर ती अजून म्हणते, "देव कुठं इचारून राहिला होता? मी इचारून राहिली होती."

कोरोनाच्या वर्षी सगळे घरात अडकले, तेव्हा तिने फोनवर लिहायला सुरुवात केली. इंटरनेटवर फुकट मिळणारी एक जागा घेतली आणि तिला नाव दिलं 'धाकल्या जावेची चूल'. वऱ्हाडी पदार्थ, पण नुसती कृती नव्हे. पदार्थाच्या निमित्ताने घरची माणसं, शेत, सोयरे, भांडणं, सगळं यायचं. भाषा आपली बोलायची. मले, तुले, त्याले. फोटो मात्र मी काढायची, कारण तिचे हात पिठात. मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही. नैवेद्याचं ताट कसं मांडावं ते कळतं, तेवढ्यावर काढायची.

आमचे सासरे खुशालराव, त्यांना आम्ही मामाजी म्हणतो, त्यांनी एकच अट घातली. घरच्या सुनांची नावं इंटरनेटवर नकोत. आडनाव चालेल, ढोले आडनाव तर अर्ध्या तालुक्याचं आहे. वर्षालीने तेव्हा ऐकलं. प्रत्येक लेखाच्या शेवटी ती नुसतं 'धाकली' लिहायची. वाचणारे वाढत गेले. दूर मुलाबाळांकडे राहायला गेलेल्या बायका तिला लिहायच्या की धाकले, तुझं वाचून भूक लागली.

त्यातला एक लेख रोडग्यांवर होता. शेतातल्या देवाला नवस फेडायचा म्हणून आम्ही सगळे गेलो होतो. जाड्या कणकेचे, आत तेलाचे पदर घातलेले गोळे, पेटलेल्या गोवऱ्यांच्या ढिगात भाजायचे. वरून वांग्याची भाजी आणि तूप. तिने लिहिलं होतं, 'निखारे विझले की रोडगा राखेतून काढावा. मंग त्याले झटकावं, धुळीत खेळून आलेल्या लेकराले झटकावं तसं. लय जोरात नाही, लय हळूही नाही.' आणि शेवटी, 'आम्ही ढोले लोक रोडगा कापत नाही, हातानं फोडतो. कापलेल्या रोडग्यातून वाफ निघते, फोडलेल्यातून वास.' त्याच्यासोबत तिच्या हातांचा फोटो. रोडगा नुकता फुटलेला, वाफ वर आलेली, बांगड्यांवर राख.

अमरावतीला राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत भगवंतरावांचं प्रकाशन आहे. लहानसंच, पण जपून पुस्तकं काढणारं. त्यांनी हे लेख वाचले आणि पुस्तक करू म्हणाले. त्या दिवशी वर्षाली दुपारभर गवार निवडत बसली आणि निवडलेली गवार पुन्हा निवडली. मी देवापुढे साखर ठेवली.

मग एक दिवस भगवंतरावांचा फोन आला. वर्षालीने स्पीकर लावला, कारण हात भिजलेले होते. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. मुद्रितं वाचणाऱ्या बाईंनी रोडग्यांच्या लेखातलं एक वाक्य सहज इंटरनेटवर शोधलं, तर तोच लेख, तोच फोटो पुण्याकडच्या एका मोठ्या संकेतस्थळावर निघाला. प्रमाण मराठीत. ते म्हणाले, "ताई, स्पष्ट बोलतो. कोणालाही वाटेल की तुम्ही त्यांचा लेख घेतला आणि वऱ्हाडीत उलथवला."

वर्षाली म्हणाली की माझ्या पानावरची तारीख पाहा, ती आधीची आहे. ते म्हणाले, पाहिली, पण तशा पानावर मागची तारीख टाकता येते, हे तुम्हालाही माहीत आहे. एका लेखाचं असं, तर बाकीच्यांचं काय समजू? हे मिटेपर्यंत पुस्तक छापायला जाणार नाही. आणि मिटलं नाही तर जाणारच नाही.

फोन ठेवल्यावर तिने हात पुसले आणि ते पान उघडलं. मी शेजारी बसले. फोटोत तिचेच हात होते आणि मनगटावर त्या संकेतस्थळाचा शिक्का. खाली सगळं तिचंच, ओळीला ओळ. धुळीत खेळून आलेलं लेकरूही तिथेच होतं. मला रडू यायला लागलं, तेवढ्यात ती हसली. मी म्हटलं, हिला काही झालं की काय.

"माणिकबाई, हे वाचा."

मी वाचलं. 'आम्ही ढोला लोक रोडगा कापत नाही.'

आधी माझ्या लक्षात आलं नाही. तिने समजावलं. लेख चोरणाऱ्याला वऱ्हाडी नको होती. शब्दाशेवटचा 'ले' दिसला की 'ला' कर, असं त्याने यंत्राला सांगितलं. मले चं मला झालं, त्याले चं त्याला झालं, ठीक. पण यंत्राला काय कळतं? 'निखारे विझले' चं 'निखारे विझला' झालं. आणि आमच्या ढोल्यांचा ढोला झाला. बाकी चुका त्याने हाताने नीट केलेल्या दिसत होत्या, या दोन राहिल्या होत्या. ढोला हा कदाचित आपल्याला न कळणारा वऱ्हाडी शब्द असेल असं त्याला वाटलं असावं.

त्या संकेतस्थळावर तक्रारीसाठी एक पत्ता दिलेला होता. तिने तिथे साधं पत्र लिहिलं. हा लेख आणि फोटो माझ्या पानावरचा आहे, परवानगी दिलेली नाही, काढून टाका. खाली फोन नंबर. दोन्ही पानांचे पत्तेही दिले.

फोन आला. बोलणारा गृहस्थ गोड होता. तो संपादक आहे म्हणाला.

"ताई, रोडगे काय तुम्ही शोधून काढलेत का? पारंपरिक पदार्थ आहे. सगळ्यांचा आहे."

"रोडगे सगळ्याईचे हायेत, दादा. करा, खा, शेजाऱ्याईले खाऊ घाला. पन वाक्यं माह्यी हायेत."

"आम्ही भाषेवर बराच हात फिरवलाय."

"ते दिसलं. हात फिरवता फिरवता आमचं आडनाव मोडलं तुमी. ढोला म्हंजे काय, सांगा बरं?"

तो म्हणाला, "तिकडचा एखादा समाज असावा."

मी पदर तोंडात कोंबला. वर्षालीने मात्र सूर बदलला नाही. त्याने मग समजुतीचं सुरू केलं. तुम्हाला उलट प्रसिद्धीच मिळते आहे, तुमच्या पानावर तर तुमचं नावसुद्धा नाही, धाकली म्हणून कोणीही उभं राहील. पाहिजे तर खाली 'साभार : इंटरनेट' असं टाकतो.

"इंटरनेट कोनाची सून हाये?" वर्षालीने विचारलं. "ते काई आमच्या घरी भाकरी थापाले येत नाही. लेख उतरवा."

त्याने पाहतो म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने पान उघडलं तर लेख तसाच होता. फक्त 'आम्ही ढोला लोक' च्या जागी 'आम्ही वऱ्हाडी लोक' आलं होतं. निखारेही 'विझले' होते.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. मी विचारलं, आधीच्या पानाचा फोटो वगैरे काढून ठेवला होता का? तिने नाही म्हणून मान हलवली. हसण्याच्या नादात राहूनच गेलं होतं. चोराच्या अंगावरची खूण तिने चोरालाच दाखवली आणि त्याने ती पुसली. भांडणात तिचा हा एक दोष आहे. हातातलं पान ती आधीच दाखवून टाकते.

त्या संध्याकाळी मी पोथी वाचत होते, तर मधेच येऊन म्हणाली, "माणिकबाई, त्या प्रुफवाल्या बाईनं ते पान कागदावर काढलं असंन का हो?"

मी म्हटलं, फोन कर. ती म्हणाली, फोनवर नाही, समोर बसून बोलायचं. मला अंबादेवीची ओटी भरायची राहिलीच होती. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने अमरावती गाठली. मी म्हटलं आधी देवी. ती म्हणाली, आधी भगवंतराव, देवी समजून घेईल.

भगवंतरावांनी पाणी दिलं, पण चेहरा बंदच होता. वर्षालीने प्रस्तावना केली नाही. म्हणाली, त्यांचा लेख तुम्ही कागदावर काढला असेल तर तो दाखवा. त्यांनी फाईल काढली. कागद होता. खाली पानाचा पत्ता आणि काढल्याची तारीख, आणि तिच्या लेखाशी जुळणाऱ्या ओळींवर बाईंनी मारलेल्या लाल रेघा. तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून जपलेला कागद.

"शेवटचा परिच्छेद मोठ्यानं वाचा," वर्षाली म्हणाली.

ते वाचायला लागले आणि ढोलावर अडखळले. हे काय, म्हणून तिच्याकडे पाहिलं.

"मले काय इचारता? मी त्यायचं उलथवलं ना? मंग ढोला घेऊन मी ढोले केलं असंन. जगात ढोला नावाचं काई असंन, ते मी चोरलं असंन." मग तिने त्यांच्या संगणकाकडे बोट केलं. "माह्या लेखाची फाईल तुमच्याकडे हाये. त्याच्यात शब्दाच्या शेवटचा ले काढा अन् ला टाका. सगळीकडे, एकदम."

ते खुर्ची ओढून बसले. चष्मा वर केला, कळा दाबल्या. पडद्यावर तिचा लेख एका क्षणात बदलला. मला त्याला तुला. निखारे विझला. सगळे सोयरे जमला. आणि शेवटी, आम्ही ढोला लोक. भगवंतराव बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. मग कागद उचलून पुन्हा तीच ओळ वाचली आणि हसू दाबायचा प्रयत्न केला, तो फसला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "ताई, मला पटलं."

पण लगेच पुढे म्हणाले, मला पटून भागत नाही. पुस्तक बाहेर पडेल आणि ते पान तिथेच राहील, तर उद्या जो शोधेल त्याला तेच आधी दिसेल. ते उतरलं पाहिजे. उतरलं की छापतो, त्याच आठवड्यात. आणि कसं उतरवायचं, तेही त्यांनीच सांगितलं, कारण त्यांच्या पुस्तकांच्या चोरट्या प्रती लोक इंटरनेटवर टाकतात आणि ते काढायच्या नोटिसा पाठवणं हा त्यांचा नेहमीचाच उद्योग आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे ते असं. संकेतस्थळाचा मालक ऐकत नसेल तर त्याला इंटरनेटवर जागा देणारी कंपनी असते, तिला लिहायचं. ती कोण, हे संकेतस्थळाचं नाव घालून शोधलं की कळतं. यांची कंपनी परदेशातली निघाली आणि तिचा तक्रारीचा फॉर्म तिच्याच पानावर होता. त्यात आपलं मूळ काम कोणतं आणि कुठे आहे, नक्कल नेमकी कुठे आहे, आपलं नाव-पत्ता काय, हे लिहायचं. मग दोन वाक्यं. एक, की माझ्या प्रामाणिक समजुतीप्रमाणे हा वापर मालकाच्या, त्याच्या माणसाच्या किंवा कायद्याच्या परवानगीने झालेला नाही. दुसरं, की वरचं सगळं खरं आहे आणि मी मालक आहे किंवा मालकाने मला नेमलं आहे, आणि हे शपथेवर, खोटं निघालं तर शिक्षा. खाली सही म्हणून पूर्ण नाव. पदार्थाची कृती कोणाची नसते, त्याबद्दल एक अक्षर लिहू नका, असं त्यांनी बजावलं. शब्द तुमचे आणि फोटो तुमचा, तेवढंच मागा.

"आणि एक," ते म्हणाले. "ही नोटीस त्या माणसाकडे जाते. तुमचं नाव, पत्ता, सगळं. तोही उलट नोटीस पाठवू शकतो. त्याने पाठवली आणि तुम्ही कोर्टात गेला नाहीत, तर पान पुन्हा वर येतं. तयारी असेल तर लिहा."

वर्षालीने फक्त कागद मागितला. त्यांनी प्रत काढून दिली. मग आम्ही देवीला गेलो. ओटी भरताना मी बरंच काही मागितलं. तिने काय मागितलं विचारलं तर म्हणाली, "काई नाही. सांगून आली, की मी लिहून राहिली."

घरी खरी अडचण नाव-पत्त्याचीच होती. मामाजी जेवून झोपाळ्यावर बसले होते. तिने सगळं सांगितलं आणि पूर्ण नाव-पत्ता द्यावा लागेल हेही सांगितलं. ते म्हणाले, नको. परक्या माणसाच्या हातात घरच्या बाईचं नाव आणि घराचा पत्ता कशाला? चार पदार्थ लिहिले, कोणी नेले, नेऊ दे. आपण काय नावासाठी करतो का? सगळं देवाचं आहे, नाव लावणारे आपण कोण?

हे वाक्य मीच या घरात इतक्यांदा म्हटलं आहे, की त्यांच्या तोंडून ऐकून मी गप्प बसले.

वर्षाली झोपाळ्यासमोर खाली बसली. आवाज चढवला नाही. "मामाजी, देवळाच्या तिसऱ्या पायरीवर काय कोरलं हाये?"

तिसऱ्या पायरीवर खुशालराव ढोले यांजकडून, असं कोरलेलं आहे. मी रोज तिच्यावर पाय पडू नये म्हणून बाजूने चढते.

"पायरी देवाची," ती म्हणाली, "देवळात बसवली, तरी नाव तुमचं हाये. मी काई वाईट म्हनत नाही. चांगलं केलं म्हनून लावलं. मीबी चांगलं लिहिलं."

देवीदास, म्हणजे माझे हे, आणि शेखर, तिचा नवरा, दोघे भाऊ दाराशी उभे होते. शेखर म्हणाला, बाबा, लिहू द्या. मामाजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. तेव्हा वर्षालीने तो कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि लाल रेघेवर बोट ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं. झोपाळा थांबला.

"ढोला?"

"हो."

"हे कोनाले म्हनून राहिला तो?"

"आपल्याले. तुमाले, मले, सगळ्याईले. त्याले वाटलं एखादा समाज असंन."

मामाजींच्या मानेवरची शीर वर आली. आमचा बाप ढोले, आजा ढोले, सातबाऱ्यावर ढोले, असं काहीसं ते पुटपुटले. मग कागद परत देऊन म्हणाले, "पुरं नाव लिह्य. पत्ताबी लिह्य. अन् आडनाव मोठ्या अक्षरात लिह्य."

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर आम्ही दोघी शेखरच्या लॅपटॉपपुढे बसलो. इंग्रजी ती जेवढं लागतं तेवढं लिहिते, सजवत नाही. लेखाचं सगळं भरलं. तिच्या पानाचा पत्ता, त्यांच्या पानाचा पत्ता, अमरावतीच्या कागदाचा फोटो. मग चित्राची ओळ आली आणि तिने हात मागे घेतला.

"हे मले लिहिता येत नाही."

मी म्हटलं, का, हात तर तुझेच आहेत.

"हात माहे हायेत. फोटो तुमी काढला. ज्यानं काढला त्याचा. इथं लिहिलं हाये, खोटं निघालं तर शिक्षा. मी खोटी सही करून चोराले चोर कशी म्हनू?"

ती म्हणाली, पाहिजे तर तुम्ही मला तुमच्या वतीने नेमा, तसं चालतं. किंवा तुमच्या नावाने वेगळी नोटीस. मी बँकेच्या कागदांखेरीज कुठे सही केलेली नाही, आणि शपथ हा शब्द तर मी कधी तोंडातून काढत नाही. देवाची शपथ घेऊ नये असं मला शिकवलेलं आहे. पण फोन माझा होता, बोट माझं होतं, आणि तो मूळ फोटो अजून माझ्या फोनमध्ये होता. त्यात डाव्या बाजूला मामाजींच्या धोतराचा सोगा आणि उजवीकडे आमचं पितळी घंगाळ दिसतं, जे तिने पानावर टाकताना कापलं होतं. त्यांच्या फोटोत ते दोन्ही नाही, आणि असणार कुठून? हे खरं आहे, मी स्वतःशी म्हटलं. खरं सांगायला शपथ लागत नाही, पण ते मागत असतील तर घ्या. वेगळी नोटीस लिहिली. सहीच्या जागी माणिक देवीदास ढोले.

तिने आपली पाठवली. वर्षाली शेखर ढोले, तीही मोठ्या अक्षरात, कारण मामाजी मागे उभे राहून पाहत होते.

कंपनीचं उत्तर आलं. तक्रार मिळाली, तिचा हा क्रमांक. माझ्या नोटिशीबद्दल मात्र विचारणा होती. मी ज्या पानावर चित्र आहे त्याचा पत्ता दिला होता, खुद्द चित्राचा नव्हता. चित्राला स्वतःचा वेगळा पत्ता असतो हे मला माहीत नव्हतं. वर्षालीने चित्रावर बोट दाबून धरलं, ते वेगळं उघडलं, तो पत्ता घेतला आणि पाठवला.

त्यानंतर रोज सकाळी, मी देवाला फुलं घालते त्या वेळी, ती ते पान उघडून पाहायची. पान असायचं. फोन उलटा ठेवायची आणि पोळ्यांना लागायची. एका सकाळी तिने फोन उलटा ठेवला नाही. माझ्यासमोर धरला. तिथे लेख नव्हता, तिचे हात नव्हते. हे पान उपलब्ध नाही, एवढीच ओळ होती. मी घंटा वाजवली. ती वेळ घंटेची नव्हती.

दुपारी फोन आला. तोच गृहस्थ, पण गोडी उतरलेली. आमचं पान बंद पाडलंत, अनेक वर्षांचं आमचं नाव आहे, तुमचं नाव-पत्ता आता माझ्याकडे आहे, मीही उलट नोटीस पाठवू शकतो, मग तुम्हाला कोर्टात यावं लागेल, वगैरे. मामाजी झोपाळ्यावरच होते. वर्षालीने स्पीकर लावला, या वेळी हात कोरडे असून.

"पाठवा ना, दादा," ती म्हणाली. "पन त्याच्यातबी शपथेवर लिहा लागते, की हे चुकीनं काढलं म्हनून. तेवढं लिहा. अन् कोर्टात आले की जजसाहेबाले सांगा, की आमी ढोला लोक रोडगा कापत नाही. तो कागद मी जपून ठेवला हाये."

तो काही बोलायच्या आत मामाजी झोपाळ्यावरून म्हणाले, "पत्ता भेटला ना? मंग या. रोडगे खायाले या. फोडून देऊ."

फोन बंद झाला. उलट नोटीस आली नाही. काही दिवस आम्ही वाट पाहिली, भगवंतरावांनीही पाहिली, मग त्यांनी छापायला दिलं. इंटरनेटवर शोधल्यावर त्या लेखाची जुनी ओळ काही दिवस दिसत राहिली, मग तीही गेली.

पुस्तकाची शेवटची मुद्रितं आमच्याकडे आली तेव्हा ती वर्षालीच्या आधी मामाजींनी घेतली. बाहेर उजेडात खुर्ची टाकून बसले. पाककृतींत त्यांना रस नव्हता. पेन्सिल घेऊन ते पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत जिथे जिथे ढोले होतं तिथे तिथे बरोबर लिहिलंय का ते बघत गेले आणि प्रत्येक ठिकाणी खूण केली. मुखपृष्ठावर तिचं पूर्ण नाव होतं, तिथे त्यांनी दोन खुणा केल्या. आतल्या फोटोखाली माझंही बारीक अक्षरात होतं. त्यावर पेन्सिल टेकवून त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, "हे एवढं बारीक काहून?"